शुगर कधीच नव्हती, मग आयसीयूत २३८ कशी आली?

रात्री दोनच्या सुमाराला निफाडकडून एक द्राक्ष बागायतदार छातीत कळ येते म्हणून आले. वय ५४. त्यांना इथे अण्णा म्हणूया. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी बदलले आहेत. ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक दिसत होता. नर्सने बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती २६८ होती. मुलगा लगेच म्हणाला, "डॉक्टर, बाबांना शुगर नाहीये. मागच्या दिवाळीत तपासली होती." दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने विचारलं, "म्हणजे आता आयुष्यभर गोळी?"

या प्रश्नाचं खरं उत्तर त्या रात्री देता येत नाही. ते मिळायला साधारण दोन महिने लागतात, आणि त्या काळात काही गोष्टी ठरलेल्या वेळी कराव्या लागतात. त्यातली एखादी राहिली की दोनपैकी एक चूक होते. मधुमेह नसलेला माणूस वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहतो, किंवा मधुमेह असलेला माणूस "ती टेन्शनची शुगर होती" असं म्हणत तीन वर्षांनी दुसरा अटॅक घेऊन परत येतो. मी दोन्ही पाहिलं आहे. म्हणून अण्णांच्या फाइलच्या आधाराने सगळा क्रम सांगतो.

आधी हे समजून घ्या: ही साखर येते कुठून

मोठा आजार अंगावर आला की शरीर त्याला हल्ला समजतं. अ‍ॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं भराभर सुटतात, ग्लुकागॉनही वाढतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि शिवाय नवी साखर बनवू लागतं. त्याच वेळी स्नायूंवर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणजे साखर रक्तात येते पण पेशींत जात नाही. जंतुसंसर्गात सूज वाढवणारी रसायनं हा परिणाम आणखी घट्ट करतात. त्यामुळे ज्याचं स्वादुपिंड धडधाकट आहे त्याचीही साखर काही तास किंवा काही दिवस चढते. दवाखान्यात दाखल असलेल्या माणसाची साखर १४० मिलिग्रॅमच्या वर गेली की आम्ही तिची दखल घेतो.

बोलताना "टेन्शनची शुगर" म्हणतात, त्याने गैरसमज होतो. मनाच्या काळजीने २३८ होत नाही. हा ताण शरीरावरचा आहे आणि तो किती मोठा आहे हे ती साखर सांगत असते. आधी मधुमेह नसलेल्यांत अशी साखर वाढली तर मृत्यूचा धोका मधुमेह असलेल्यांपेक्षाही जास्त असू शकतो. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या २००२ सालच्या अभ्यासात साखर सरळ असलेल्यांपैकी १.७ टक्के, जुना मधुमेह असलेल्यांपैकी ३ टक्के आणि दाखल झाल्यावर पहिल्यांदाच साखर वाढलेली सापडलेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले होते. याचा अर्थ साखरेनेच ते दगावले असा नाही. ज्यांचा आजार जास्त गंभीर त्यांची साखर जास्त चढते, हा त्यातला मोठा भाग आहे. पण मधुमेह नसतानाही चढलेली साखर हलकी समजू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

पहिली पायरी: आकडा खरा आहे का ते पाहा

अण्णांचा २६८ हा आकडा मला पटला नाही. गावातल्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या हाताला सलाइन लावलेलं होतं, आणि बाटलीवर डेक्स्ट्रोज लिहिलेलं होतं. डेक्स्ट्रोज म्हणजे साखरच. बोट त्याच हाताचं टोचलं होतं. दुसऱ्या हाताच्या शिरेतून रक्त घेऊन लॅबला पाठवलं, तर २३८ आलं. दोन्ही आकडे वाढलेलेच आहेत, पण इन्शुलिन किती द्यायचं ते आकड्यावरून ठरतं, त्यामुळे ३० चा फरक लहान नाही.

बोटाचं यंत्र एरवी चांगलं काम देतं. रक्तदाब कोसळलेला असेल, तो वर ठेवायला नॉरअ‍ॅड्रिनलीन चालू असेल, हातपाय गार पडले असतील किंवा बोटांना सूज असेल, तर मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये. फार रक्त कमी असलेल्या माणसात ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. हा धोका जास्त वाईट, कारण खरी साखर ६० असताना यंत्र ९० दाखवू शकतं. अशा रुग्णात शिरेतलं किंवा धमनीतलं रक्त तपासावं. लॅबला जाणारं रक्त करड्या टोपीच्या नळीत हवं, तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्त तासभर पडून राहिलं तर रक्तपेशीच साखर खातात आणि आकडा पाच ते सात टक्क्यांनी घटतो.

बोट टोचण्याआधी ते पुसलेलं आहे का, हे नातेवाइकांनीही पाहायला हरकत नाही. केळं सोललेल्या बोटाची साखर ३०० येताना मी पाहिली आहे.

पक्षाघाताच्या रुग्णात हीच पायरी दुसऱ्या कारणासाठी सगळ्यात आधी येते. साखर खूप कमी झाली तरी तोंड वाकडं होऊ शकतं, हात लुळा पडू शकतो, बोलणं अडखळू शकतं. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी जी एक रक्ततपासणी झालीच पाहिजे ती साखरेची.

दुसरी पायरी: त्याच रक्तातून तीन महिन्यांची साखर

मला विचाराल तर या सगळ्या लेखातलं सर्वांत उपयोगाचं वाक्य हे आहे: दाखल होतानाच्या पहिल्या रक्तातून एचबीए१सी करून घ्या. लोक तिला तीन महिन्यांची साखर म्हणतात आणि ते बरोबर आहे. लाल पेशींना चिकटलेली साखर ती मोजते. आजची रात्र कितीही वाईट गेली तरी तिच्यात फारसा फरक पडत नाही, आणि उपाशीपोटी रक्त द्यायची गरज नसते.

रिपोर्ट असा वाचायचा. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह आधीपासून होता, फक्त माहीत नव्हता. ५.७ ते ६.४ म्हणजे माणूस उंबरठ्यावर होता आणि आजाराने त्याला आत ढकललं. ५.७ च्या खाली असेल तर वाढ बहुतेक आजारामुळेच आहे.

अण्णांची आली ५.८. तिच्यावरून नेहमीची सरासरी साखर काढता येते: ५.८ ला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. उत्तर येतं जवळपास १२०. म्हणजे एरवी १२० च्या आसपास राहणारे अण्णा त्या रात्री २३८ वर होते, जवळजवळ दुप्पट. या गुणोत्तराला हृदयरोगाच्या अभ्यासांत महत्त्व आलं आहे, कारण नुसत्या आकड्यापेक्षा माणसाची साखर त्याच्या स्वतःच्या पातळीपासून किती उसळली हे त्यातून कळतं. ज्याची सरासरीच २२० आहे त्याला २३८ ही जेमतेम चढ. अण्णांच्या शरीराला मात्र मोठा धक्का बसला होता. तरी या गुणोत्तरावरून इन्शुलिनचा डोस ठरवत नाहीत. ते धोका ओळखण्यापुरतं आहे.

ही तपासणी फसते कधी, तेही सांगायला हवं. रक्त चढवल्यावर केली तर रक्तदात्याच्या पेशी मोजल्या जातात, म्हणून रक्ताची पिशवी लावण्याआधीच नमुना घ्या. लोह कमी असलेल्या पंडुरोगात ती खोटी वाढलेली दिसते. आपल्याकडे बायकांमध्ये हे फार आढळतं, आणि हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईची ६.६ ही काही मधुमेहाची पावती नाही. उलट सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे ती खोटी कमी येते. नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भातल्या इतर भागांतला रुग्ण असेल तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अशा वेळी निदानाचा सगळा भार पुढच्या, दोन महिन्यांनंतरच्या तपासणीवर टाकावा लागतो.

तिसरी पायरी: किती खाली आणायची

साखर वाढली की ती लगेच १०० वर आणा, असं नातेवाइकांना वाटतं. एके काळी आम्हालाही तसंच वाटायचं. २००१ साली बेल्जियममधल्या लुव्हेनच्या आयसीयूत साखर ८० ते ११० ठेवल्यावर मृत्यू कमी झाले, आणि जगभर तसं करणं सुरू झालं. मग २००९ साली नाइस-शुगर हा सहा हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला. त्यात साखर ८१ ते १०८ ठेवलेल्यांपैकी २७.५ टक्के रुग्ण नव्वद दिवसांत दगावले, आणि १८० पर्यंत चालवून घेतलेल्यांपैकी २४.९ टक्के. साखर धोकादायक रीतीने कोसळण्याचं प्रमाण पहिल्या गटात ६.८ टक्के होतं, दुसऱ्यात फक्त ०.५. पक्षाघातासाठी २०१९ साली अमेरिकेतल्या शाइन अभ्यासातही कडक नियंत्रणाचा फायदा दिसला नाही.

म्हणून आजची रीत अशी आहे. दोनदा तपासून साखर १८० किंवा त्याहून वर राहिली तरच इन्शुलिन सुरू करायचं, आणि ती १४० ते १८० मध्ये ठेवायची. आयसीयूतल्या कागदावर १६५ लिहिलेलं पाहून "अजून वाढलेलीच आहे" म्हणून घाबरू नका. तिथे १६५ हा चांगला आकडा आहे. २५० वर सोडून देणंही बरोबर नाही. १८० च्या वर साखर लघवीतून जाऊ लागते, तिच्याबरोबर पाणी जातं, अंग कोरडं पडतं, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात.

चौथी पायरी: इन्शुलिन देताना

अण्णांना सलाइनमधलं डेक्स्ट्रोज बंद करून साधं सलाइन लावलं आणि आधी त्यांची बंद पडलेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने उघडली. हा क्रम महत्त्वाचा आहे. साखरेचं मूळ जिथे आहे तिथला उपचार आधी. संसर्गात तेच अँटिबायोटिक आणि पू काढण्याबद्दल. पहाटे चारला साखर २२१, सहाला २१२. दोन आकडे १८० च्या वर राहिले, म्हणून सिरिंज पंपातून साधं इन्शुलिन सुरू केलं. एका मिलिलिटरमध्ये एक युनिट असं मिश्रण करतात, आणि त्यांना तासाला २ युनिटने सुरुवात केली. दर तासाला साखर पाहिली: १९६, १८१, १६८, १५२. १५२ ला वेग १ युनिट केला, १३८ ला अर्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद झाला.

मिश्रण करताना आपल्याकडे एक खास धोका आहे. भारतात इन्शुलिनच्या कुपीत सहसा मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनमधल्या इन्शुलिनमध्ये १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० साठी लाल टोपी, १०० साठी नारिंगी. १०० युनिटचं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजने मोजलं तर अडीच पट डोस जातो. गर्दीच्या रात्री, उसन्या सिरिंजने, हे घडतं. त्यामुळे दुसऱ्या नर्सने पाहिल्याशिवाय पंप सुरू करू नये.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं. अण्णांचं ३.६ होतं. एरवी चाललं असतं, पण ताज्या अटॅकमध्ये ते आणखी घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून इन्शुलिनबरोबर पोटॅशियमही दिलं.

साखर ७० च्या खाली गेली तर इन्शुलिन बंद करून साखर द्यायची. शुद्धीवर असलेल्या आणि नीट गिळणाऱ्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, नाहीतर शिरेतून डेक्स्ट्रोज, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासणी. गुंगीत असलेला रुग्ण घाम येतोय, हात थरथरतायत असं सांगू शकत नाही, आणि अटॅकनंतर देतात त्या बीटा-ब्लॉकर गोळीने धडधडही झाकली जाते. आयसीयूत साखर कोसळण्याचं नेहमीचं कारण मात्र अगदी साधं असतं: नाकातल्या नळीचं फीड थांबवलं, सीटी स्कॅनला नेलं, आणि पंप तसाच चालू राहिला. फीड थांबलं की इन्शुलिनचं काय, हे त्याच क्षणी विचारा.

पक्षाघाताच्या रुग्णाच्या तोंडात नातेवाइकांनी काहीही घालू नये. साखर कमी झाली असं ऐकून कुणी साखरपाणी पाजतं, कुणी अशक्तपणा म्हणून शहाळं. गिळण्याची तपासणी झालेली नसेल तर ते थेट फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

पाचवी पायरी: स्टेरॉइडची साखर वेगळी ओळखा

हे गंभीर संसर्गात जास्त येतं. २०२० पासून कोविडच्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम दहा दिवसांपर्यंत देत होतो, आणि त्याने जीव वाचले. पण डोस आणि दिवस दोन्ही वाढवले गेले, साखर कुणी पाहिली नाही, आणि २०२१ च्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे किती रुग्ण पाहिले ते आठवत असेल. नाकाचा, डोळ्याचा भाग काढावा लागलेल्यांत असेही होते ज्यांना आधी मधुमेह माहीत नव्हता.

सकाळी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलं तर साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते. सकाळची उपाशीपोटीची १०२ असू शकते आणि संध्याकाळी सहाची २६०. फक्त सकाळी तपासलं तर सगळं ठीक वाटतं. स्टेरॉइड चालू असेल तर दुपारच्या जेवणानंतरची आणि रात्रीच्या जेवणाआधीची साखर पाहायलाच हवी, आणि स्टेरॉइडचा डोस उतरला की इन्शुलिनही उतरवायचं. घरी दम्यासाठी, सांधेदुखीसाठी नाव नसलेल्या पुड्या घेत असाल तर दाखल होतानाच सांगा. त्यांत स्टेरॉइड निघतं, आणि ते अचानक बंद झाल्यावर रक्तदाब कोसळतो.

बरा होत चाललेल्या रुग्णाची साखर कारण नसताना पुन्हा चढू लागली तर मी नवा ताप, नवा संसर्ग शोधतो. बऱ्याचदा ताप दुसऱ्या दिवशी येतो, साखर आदल्या रात्री बोलते. उलट, इन्शुलिन न वाढवता साखर खाली घसरू लागली तर यकृत किंवा मूत्रपिंड ढासळत नाही ना, ते पाहायचं.

सहावी पायरी: घरी सोडताना फाइलमध्ये काय हवं

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. आयसीयूत इन्शुलिन चालू होतं म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ग्लिमेपिराइडची गोळी लिहिली जाते. घरी गेल्यावर आजाराचा ताण गेलेला, जेवण अर्ध्यावर आलेलं, आणि गोळी मात्र स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतेय. मग पहाटे घामाने भिजलेला माणूस कुणी उचलून आणतं.

निघण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: एचबीए१सीचा आकडा, शेवटच्या दोन दिवसांच्या साखरा, आणि शेवटच्या २४ तासांत इन्शुलिन द्यावं लागलं का. एचबीए१सी ६.५ च्या खाली आहे, इन्शुलिनशिवाय साखर सरळ आहे, स्टेरॉइड चालू नाही, तर साखरेची गोळी बहुतेक लागत नाही. ६.५ च्या वर असेल आणि वर सांगितलेली फसवणुकीची कारणं नसतील, तर मधुमेहाचे उपचार तिथूनच सुरू व्हायला हवेत. अटॅकनंतरची उपाशीपोटीची साखर चौथ्या दिवसानंतर पाहिली तर ती जास्त विश्वासाची.

अण्णांची पाचव्या दिवशी उपाशीपोटी १०८ आली. साखरेची गोळी दिली नाही. डिस्चार्जच्या कागदावर मात्र ठळक लिहिलं: "रुग्णालयात साखर वाढली होती. आठ आठवड्यांनी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट." तारीखही लिहिली. "नंतर दाखवा" एवढंच लिहिलं की कुणी येत नाही.

सातवी पायरी: दोन महिन्यांनंतरची तपासणी

स्वीडनमध्ये आधी मधुमेह नसलेल्या १८१ अटॅकच्या रुग्णांना तीन महिन्यांनी ही टेस्ट केली. ४० टक्के उंबरठ्यावर निघाले आणि २५ टक्क्यांना मधुमेह निघाला. म्हणजे तिघांतल्या जवळजवळ दोघांच्या साखरेत तीन महिन्यांनीही बिघाड होताच.

सहा ते बारा आठवड्यांनी, ताप-सर्दी नसताना, स्टेरॉइड थांबलेलं असताना ही टेस्ट करा. आधीचे तीन दिवस रोजचं जेवण घ्या, भात-पोळी सोडू नका. आजारपणानंतर घाबरून साखर-भात बंद केलेल्यांची टेस्ट खोटी वाढलेली येऊ शकते. रात्री जेवून आठ ते चौदा तास उपास, सकाळी पहिलं रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचं. पहिला घोट घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. मधल्या वेळात बसून राहायचं. फेरी मारायची नाही, तंबाखू नाही, चहा नाही.

घरी जेवून केलेली पीपी याच्या जागी चालत नाही, कारण कुणी एक पोळी खातं तर कुणी चार.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा दोन तासांनी २०० किंवा जास्त असेल तर मधुमेह. त्रास काही नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीने खात्री करतात. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे उंबरठा. दोन्ही सरळ असले तरी वर्षातून एकदा तपासणी चालू ठेवायची, कारण मोठ्या आजारात एवढी साखर चढलेल्या माणसाचं स्वादुपिंड सहसा फार ऐवज राखून नसतं.

अण्णा नवव्या आठवड्यात आले, छाटणीची कामं आटोपून. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १६८, एचबीए१सी ५.९. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. काकूंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी उत्तर होतं: साखरेची गोळी आत्ता नाही, अटॅकच्या गोळ्या एकही चुकवायची नाही, पाच किलो वजन उतरवायचं, रोज अर्धा तास चालायचं, आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात हीच टेस्ट. मधे कधी ताप येऊन दाखल व्हावं लागलं तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं की मागच्या वेळी साखर २३८ गेली होती. मुलाने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं, आणि काकूंनी त्याच्याकडून वाचून घेऊन फाइलच्या पहिल्या पानावर पेनाने उतरवलं.